कोटा संपलेले नाना

आमच्या सोसायटीचे मानद खजिनदार नाना आयुष्यभर एका सहकारी बँकेत बेरजा तपासत बसले. निवृत्त झाले, पण बेरीज सुटली नाही. भाजीवाल्याने कोथिंबिरीचे दोन रुपये जास्त लावले तर नाना तीन पेठा ओलांडून दुसऱ्याकडे जातात. दुधाच्या हिशेबात अर्ध्या लिटरचा फरक आला तर त्या दिवशी घरात चहा होत नाही. असा हा माणूस एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला दीड जीबी डेटा संपवून बसला आणि तो गेला कुठे हे त्याला सांगता येईना!

हे सुरू झालं ऑडिटमुळे. सोसायटीच्या वर्षभराच्या पावत्या एका बिस्किटाच्या डब्यात असतात. प्लंबर, टाकी-सफाई, लिफ्टचं तेल, गणपतीचा मांडव. पुण्यात शिकणाऱ्या नातीने सांगितलं, "आजोबा, पावतीचा फोटो काढा आणि चॅटमध्ये टाका. तारीख, रक्कम, तपशील सगळं वाचून तक्ता करून मिळेल." तिने एआयचं ते ॲप फोनवर घालून दिलं, वर्गणीही भरली. नाना खूश झाले. वर्गणी तिने भरली म्हणजे हे फुकट, अशी त्यांनी मनाशी नोंद केली. फोटो वर चढवायलाही डेटा लागतो, हे त्या नोंदीत नव्हतं. त्यांच्या मते डेटा फक्त 'बघायला' लागतो. आपण पाठवतो ते आपलंच असतं, त्याचे पैसे कसले?

नानांची फोटो काढायची पद्धत आहे. आधी पावती टेबलावर इस्त्री केल्यासारखी सपाट करायची. मग काकूंना हाक. "अगं, ट्यूबलाइट लाव." पहिल्या फोटोत हाताची सावली येते, म्हणून दुसरा. दोन्ही पाठवायचे, कारण "एकात नसलेलं दुसऱ्यात दिसेल." दहा-दहाच्या गठ्ठ्याने ते रवाना होतात. पुढे प्रश्न विचारताना त्याच पावतीचा फोटो नाना पुन्हा जोडतात. एकदा पाठवलेला फोटो त्या संभाषणात राहतो, प्रत्येक प्रश्नाला परत चढवावा लागत नाही, हे मी सांगून पाहिलं. "असू दे रे," ते म्हणाले, "समोर कागद असला की बोलणं सोपं जातं." बँकेतल्या साहेबाशी बोलताना व्हाउचर पुढे सरकवायची सवय, ती जात नाही.

त्या शनिवारी साठ पावत्या झाल्या. साडेनऊला कंपनीचा मेसेज आला, निम्मा कोटा संपला. नानांनी तो जाहिरात समजून पुसला. थोड्या वेळाने नव्वद टक्क्यांचा आला, तोही गेला. अकराच्या सुमाराला फोटोवरचं चक्र नुसतं फिरायला लागलं आणि नाना तावातावाने माझ्या दारात. "अरे, चोरी झाली! दीड जीबी! मी काही सिनेमा बघितला नाही!"

फोनच्या सेटिंगमध्ये कुठल्या ॲपने किती डेटा खाल्ला याची यादी असते. ती उघडून दिली आणि नानांच्या डोळ्यांत एकदम जुनं तेज आलं. खतावणीच होती ती! त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मांडामांड सुरू केली. त्यांच्या फोनचा एक फोटो साधारण पाच एमबीचा. साठ पावत्यांचे दोन-दोन, म्हणजे एकशेवीस फोटो, सहाशे एमबी. प्रश्नांबरोबर पुन्हा जोडलेले वीस, शंभर एमबी. सकाळचं कीर्तन व्हिडिओवर, दोनशे. एकूण नऊशे.

"उरलेले सहाशे?" नाना गरजले.

उरलेले सहाशे फोटोंच्या ॲपकडे निघाले. नानांच्या जावयाने कधीतरी 'फोटो हरवू नयेत' म्हणून आपोआप बॅकअप लावून दिला होता, आणि तो मोबाइल डेटावरही चालू होता. म्हणजे काढलेला प्रत्येक फोटो एकदा चॅटकडे गेला आणि गुपचूप दुसऱ्यांदा साठवणीकडे. तेच एकशेवीस, तेच सहाशे. बेरीज पंधराशे. ताळा जमला. चोर सापडल्यापेक्षा ताळा जमल्याचा आनंद नानांना जास्त झाला, हे मी पाहिलं.

कोटा संपला की नेट बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. हे ऐकून नानांना वाटलं, सावकाश का होईना, जाईल. म्हणून तोही हिशेब झाला. या वेगाने सेकंदाला जेमतेम आठ केबी पुढे सरकतात, म्हणजे पाच एमबीच्या एका फोटोला साडेदहा मिनिटांच्या वर. शिवाय मध्येच तुटला तर बहुतेक वेळा पहिल्यापासून, आणि अर्धवट गेलेलं वाया. नानांनी तरी एक फोटो लावला आणि फोन हातात धरून खिडकीत उभे राहिले. काकू म्हणाल्या, "अहो, तो काय खिडकीतून पडणार आहे का?"

मी म्हटलं, "नाना, वीस-पंचवीस रुपयांत जादाचा एक जीबी मिळतो, घेऊन टाका." त्यांनी लगेच भागाकार केला. पंचवीस रुपयांना एक जीबी, तर एका फोटोला सुमारे बारा पैसे. "बारा पैशांचा फोटो! आणि मी दोन-दोन काढतो!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मेगाबाइट रुपयांत दिसला आणि त्याच क्षणी तो त्यांच्या अखत्यारीत आला. पॅक घेतला नाहीच. रात्री बाराला नवा कोटा मिळतो, तोवर जागायचं ठरलं.

नातीने फोनवरून इलाज सांगितला. बॅकअप 'फक्त वायफायवर' करायचा. सावली आलेला फोटो पाठवायच्या आधीच पुसायचा. आणि एकेक पावती टिपण्यापेक्षा टेबलावर चार पावत्या शेजारी मांडून एकच फोटो काढायचा. नानांनी लगेच चाराचे दहा केले, काटकसर म्हणजे काटकसर! पण एआयची बरीच साधनं मोठा फोटो मिळाला की स्वतःच तो लहान करून वाचतात. त्यामुळे दहा पावत्या एकत्र गेल्या की प्रत्येकीच्या वाट्याला थोडेच ठिपके येतात. मांडववाल्याचे साडेआठ हजार तक्त्यात साडेतीन हजार झाले आणि नाना कळवळले. चार हीच मर्यादा ठरली. पेट्रोल पंपाच्या पुसट पावत्या मात्र एकट्याच काढायच्या.

पुढच्या शनिवारी उरलेल्या साठ पावत्या निघाल्या. बावन्न पावत्या चाराच्या गटाने, तेरा फोटो. आठ पुसट, आठ फोटो. एकवीस फोटोंना एकशेपाच एमबी. आधीच्या शनिवारी तेवढ्याच पावत्यांना तेराशे लागले होते. नानांनी हा फरक लाल शाईने लिहून सोसायटीच्या सूचनाफलकावर लावला, 'मानद खजिनदारांच्या कार्यकाळातील बचत' या मथळ्याखाली. तयार तक्ता त्यांनी पावत्या समोर घेऊन पुन्हा हाताने तपासला, हे सांगायला नकोच.

आता ते दिसेल त्याचा मोबाइल मागून डेटाची यादी तपासतात. तुमच्याही फोनवर ती यादी आहे. एकदा उघडून फोटोंच्या ॲपसमोरचा आकडा बघा आणि बॅकअप वायफायवर टाका. स्वतःच करा, नानांकडून करून घेतलंत तर आठवडाभर रोजचा हिशेब द्यावा लागेल.