काजळीपूर्वक

मठाला पाठवलेला माझा पहिला मेल तीन वाक्यांचा होता. तो इथे जसाच्या तसा देतो. अब्रू त्याच दिवशी गेली आहे, त्यामुळे आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

"महोदय, आपल्या मठ्ठ संस्थेकडे असलेली सर्व जुनी हस्तलिखिते मला संशोधनासाठी पाहायची आहेत. मी ती अत्यंत काजळीपूर्वक हाताळीन. कृपया तातडीने कळवावे."

'मठ' लिहिलं की माझा फोन पुढे 'मठ्ठ' सुचवतो. का, ते मी त्याला विचारलेलं नाही. बहुधा रोज मलाच पाहतो म्हणून. 'काळजी'ची 'काजळी' मात्र माझ्या बोटांनी केली. सोबत माझा चौदा पानी परिचय जोडला होता. त्यात शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचं उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा होतं.

गंमत अशी की माझ्या संशोधनाचा विषय होता 'लेखनिकांच्या चुका'.

जुन्या पोथ्या नकलून काढणारे लेखनिक चुकत कसे आणि चूक सुधारत कशी, हे मी दोन वर्षं टिपत होतो. एखादं अक्षर राहिलं तर ते ओळीच्या मधोमध काकपद काढून, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण करून, समासात लिहीत. जास्तीचं अक्षर आलं तर त्याच्या डोक्यावर बारीक रेघा मारत. आणि चूक मोठी असेल तर तिच्यावर हरताळ फासत. हरताळ हे पिवळं खनिज. घोटलेला जुना कागदही पिवळसर, त्यामुळे रंगात रंग मिळून जाई आणि वाळल्यावर त्याच जागी पुन्हा लिहिता येई. आज आपण चांगल्या कामावर हरताळ फासतो. ते लोक वाईट कामावर फाशीत. मेलवर फासायचा हरताळ अजून निघालेला नाही, हे पाठवण्याचं बटण दाबल्यावर चौथ्या सेकंदाला लक्षात आलं.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. मठातल्या ग्रंथांची देखभाल करणाऱ्या महाराजांनी 'मठ्ठ'बद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. फक्त चार प्रश्न होते. कोणती पोथी? छापील प्रत का चालत नाही? किती पानं आणि किती वेळ? हाताळणार कसे? आणि शेवटी एक ओळ: "काजळी पोथीच्या शाईत पुरेशी आहे. बाहेरून आणू नये."

पोथीची काळी शाई दिव्याची काजळी आणि डिंक घोटून करत, हे मला ठाऊक होतं. ते असं ऐकावं लागेल, हे ठाऊक नव्हतं.

बायकोने दोन्ही मेल वाचले. म्हणाली, "अहो, 'सर्व हस्तलिखिते' म्हणजे काय? वाण्याच्या दुकानात जाऊन 'सगळं द्या' म्हणतं का कुणी?" चूक तिथेच होती. सगळं मागणाऱ्याला नेमकं काय हवंय ते माहीत नसतं, आणि ज्याला ते माहीत नाही त्याच्यासाठी रुमाल कोण सोडेल? पोथीचं बासन एकदा सोडायचं म्हणजे पानं हलतात, कडा घासतात, पुठ्ठा निसटतो. दर वेळी थोडी पोथी खर्ची पडते. समोरच्याचा हिशेब साधा असतो: या माणसाच्या कामात तेवढा खर्च भरून निघणारं काही आहे का?

दुसरा मेल लिहायला आठ दिवस लागले. आधी मठाची छापील सूची मिळवली आणि तीत दासबोधाची एक सुट्या पानांची पोथी शोधली. दासबोधात वीस दशकं, दोनशे समास. त्यातला मला एकच हवा होता, 19व्या दशकातला पहिला, लेखनक्रियानिरूपण. त्यात समर्थांनी पोथी कशी लिहावी ते सांगितलं आहे: अक्षर वाटोळं आणि मोकळं असावं, ओळी सरळ असाव्यात, ग्रंथाच्या आरंभी जसं वळण तसंच शेवटी असावं. पानाला चारी बाजूंनी कोरी जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही. मला पाहायचं होतं ते हे की, चुकू नये कसं हे नकलून घेताना लेखनिक स्वतः किती चुकला.

मेल असा झाला:

"सादर प्रणाम. आपल्या सूचीतील दासबोधाच्या पोथीतील 19व्या दशकाच्या पहिल्या समासाची पाने, अंदाजे तीन, पाहण्याची परवानगी मिळावी. लेखनिकाने केलेल्या दुरुस्त्या मी टिपत आहे. हरताळाचा पिवळा थर काळ्यापांढऱ्या छायाप्रतीत ओळखू येत नाही आणि छापील प्रतीत चुका काढून टाकलेल्या असतात, म्हणून मूळ पाने हवीत. एका दिवशी तीन तास पुरतील. पांढरे सुती हातमोजे घालीन. पेन्सिलच वापरीन. फ्लॅश वापरणार नाही आणि आपण हो म्हटल्याशिवाय छायाचित्र घेणार नाही. लेख झाल्यावर एक प्रत मठाला देईन. पोथी नाजूक असल्यास नकारही मान्य आहे."

पाठवण्यापूर्वी बायकोने मोठ्याने वाचून दाखवला. 'मठ' एकेरीच असल्याची खात्री दोघांनी केली.

उत्तर दोन दिवसांत आलं. "यावे. हातमोजे आणू नयेत. मोजा घातला की बोटाला कागदाची कड कळत नाही आणि पान फाटते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत." हातमोज्यांची कल्पना मी सिनेमातून उचलली होती. साध्या कागदाच्या पोथीला स्वच्छ कोरडा हातच बरा, हे कळलं तोवर मी दोन जोड विकत घेऊन बसलो होतो. ते आता बायको फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढायला वापरते.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी मठात पोचलो. मोठ्या कार्याला जायचं म्हणून डोक्याला भरपूर खोबरेल लावलं होतं. महाराज साठीचे, शांत. त्यांनी नळ दाखवला, पंचा दिला आणि माझे हात पुरते वाळेपर्यंत गप्पा मारत राहिले. मग चौरंगावर धुतलेलं सुती कापड अंथरलं, लाल रुमालाची गाठ सोडली, वरची लाकडी फळी उचलून बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा पानं मोजली. "आधी मी मोजतो, जाताना तुम्ही मोजा," म्हणाले. "म्हणजे दोघांनाही झोप लागते."

मी खिशातून पेन काढलं. सवय. त्यांनी हात पुढे केला. मी पेन त्यांच्या हातावर ठेवलं आणि शाळेत चिंचेच्या गोळ्या जप्त झाल्या होत्या तसा खाली बघत पेन्सिल काढली.

पानं आडवी, लांबट. आकडा पानाच्या मागच्या बाजूला, समासात. हवं ते पान सापडलं आणि मी काळवेळ विसरलो. महाराजांनी छोटी विजेरी पानाच्या बाजूने, अगदी आडवी धरली. वरून बघताना जो नुसता पिवळट डाग वाटत होता, तो आडव्या उजेडात उंचवटा झाला आणि त्याच्या खाली पुसट काळी अक्षरं उभी राहिली. दीड ओळ हरताळाखाली होती. वाचून पाहिलं तर ती पुढच्या ओवीची सुरुवात निघाली. जवळजवळच्या दोन ओव्या एकाच शब्दाने सुरू होत होत्या. लेखनिकाने मूळ प्रतीतून मान वर केली, पुन्हा खाली घातली, आणि नजर त्याच शब्दावर पडली, पण एक ओवी पुढच्या. दीड ओळ लिहून झाल्यावर बिचाऱ्याच्या लक्षात आलं. नीट लिहावं कसं, हे सांगणाऱ्या समासातच!

मला त्या माणसाला कडकडून भेटावंसं वाटलं.

त्या आनंदात मी पुढचं पान उलटायला उजव्या हाताची तर्जनी जिभेकडे नेली. नोटा मोजायची जुनी खोड. महाराजांनी माझं मनगट हवेतच धरलं. "कागदासाठी थुंकी वाईट," ते म्हणाले, "आणि तुमच्यासाठी हरताळ. त्यात आर्सेनिक असतं." मी बोट जिभेपासून दोन इंचांवर तसंच धरून बसलो. पोथी चाटून परलोकी गेलेला संशोधक अशी प्रसिद्धी अगदी थोडक्यात हुकली.

घाम आला. कपाळ पुसलं आणि तोच हात पुन्हा पानाकडे निघाला. महाराज खोकले. हाताकडे पाहिलं तर बोटं खोबरेलाने चमकत होती. पुन्हा नळ, पुन्हा साबण, पुन्हा पंचा, पुन्हा गप्पा. या वेळी त्यांनी पावसाचा विषय काढला.

तीन तास संपत आले तेव्हा त्यांनी शेवटचं पान समोर ठेवलं. "पुष्पिका वाचून जा." ग्रंथ संपल्यावर लेखनिक आपलं नाव, गाव, तिथी लिहितो, ती पुष्पिका. इथे नाव झिजलं होतं. त्याखाली पुष्कळ पोथ्यांच्या शेवटी आढळणारा संस्कृत श्लोक होता. त्यात पुस्तक स्वतः बोलतं. मी अक्षर लावत मोठ्याने अर्थ सांगू लागलो. मला तेलापासून वाचवा. मला पाण्यापासून वाचवा. मला सैल बांधणीपासून वाचवा. आणि मला...

इथे मी थांबलो. चौथी गोष्ट मी मनातच वाचली. पुस्तक म्हणत होतं, मला मूर्खाच्या हाती देऊ नका.

महाराज खिडकीबाहेर बघत होते. मी पानं मोजली, बरोबर भरली. भरपाई म्हणून बासन मी स्वतः बांधलं, फळ्या नीट बसवल्या, रुमाल आवळून गाठ मारली. त्यांनी एका बोटाने गाठ हलवली. ती सुटली. काही न बोलता त्यांनी बासन जवळ ओढलं आणि पुन्हा बांधलं. सैल रुमालात पानं एकमेकांवर घासतात आणि फटीतून कसर शिरते, एवढं मात्र सांगितलं.

घरी आल्यावर आभाराचा मेल लिहिला. तीनदा वाचला, बायकोकडून वाचून घेतला. शेवटी भीत भीत विचारलं होतं: त्याच पोथीतला मूर्खलक्षणांचा समास पाहायला दिवाळीनंतर पुन्हा आलो तर चालेल का?

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं.

"अवश्य यावे. तेल, पाणी आणि बांधणी यांची काळजी तुम्ही घ्या. चौथ्याची आम्ही घेऊ."