दांड्यासकट झेंडू

जपानात झेंडू हे मुख्यतः वाफ्यात लावायचे फूल. ते खुडून किलोवर विकायची रीत तिथे नाही. फूलवाला लांब दांड्याचा झेंडू देतो आणि पैसे दांडे मोजून घेतो. दादरच्या फूलबाजारात तयार झालेल्या गिऱ्हाइकाच्या मनाला हे फार लागते, कारण माळेत दांडा ओवत नाहीत.

तोक्योच्या निशी-कासाईत बरीच भारतीय घरे आहेत. दसऱ्याच्या तोरणासाठी तिथल्या एका मराठी घराचे दार ९० सेंटीमीटर रुंद धरू. मध्यम फूल ओवून दाबले की साधारण ३ सेंटीमीटर जागा खाते, म्हणजे ३० फुले झाली. तोरणाच्या झोलासाठी ५, ओवताना फुटणारी आणि मुलांनी पळवलेली ५, असे ४० दांडे लागतात. दांड्याला १५० येन धरले तर ६,००० येन होतात. आकडा ऐकताच घरात साधेपणाचे महत्त्व पटू लागते. खर्च निम्मा करायचा तर मध्ये पाने घालावीत. आंब्याची पाने मिळणे कठीण, पण शिंतो देवघरासाठी साकाकीच्या चकचकीत पानांच्या जुड्या सुपरमार्केटात असतात. पिवळी शेवंतीही सहज मिळते. मात्र पिवळ्या-पांढऱ्या शेवंतीच्या जुड्या तिथे पितरांना वाहतात, त्यामुळे दारावर ती पाहून शेजारी दबक्या आवाजात चौकशी करण्याचा संभव आहे.

तोक्योच्या ओता बाजारात तोडलेल्या फुलांचा लिलाव सोमवार, बुधवार, शुक्रवारी होतो आणि त्यात नोंदणीकृत खरेदीदारच बोली लावतात. म्हणून गल्लीतल्या फूलवाल्याला आधीच्या आठवड्यात सांगून ठेवावे. २०२५चा दसरा २ ऑक्टोबरला, गुरुवारी होता. बुधवारचा माल चुकला तर सण कोरडा, तेव्हा सोमवारचा घेणे शहाणपणाचे.

मधले तीन दिवस दांडाच सांभाळतो. खुडलेल्या फुलाला पाणी मिळत नाही. दांड्यावरचे पीत राहते. टोक तिरके कापून, पाण्यात बुडणारी सगळी पाने काढून दांडे थंड जागी बादलीत ठेवावेत. झेंडूची पाने पाण्यात लवकर कुजतात आणि घरभर आपली उपस्थिती कळवतात. पाणी रोज बदलावे. फुलाखालचा दांडा पोकळ असतो, मान मोडू नये म्हणून जुड्या सैल ठेवाव्यात. फुलांवर पाणी शिंपडायचा मोह आवरावा. पाकळ्यांत ओल अडकली की आतून बुरशी धरते. बाहेरून फूल टवटवीत दिसते, पण हिरवा पेला दाबल्यावर मऊ लागला किंवा हलवताच पाकळ्या गळल्या, तर ते बाद समजावे.

फुले आदल्या रात्रीच खुडून ओवावीत. तयार तोरण कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावे. तोरण ठेवण्यापूर्वी भाजी बाहेर काढावी लागते, आणि दसऱ्याचा स्वयंपाक काय होणार हे बहुधा तेव्हाच ठरते.