तीन सुध्ये

सुध्या जन्माने एकच असला, तरी नोकरीच्या बाजारात तीन सुध्ये फिरतात. एक रेझ्युमेत, दुसरा लिंक्डइनवर आणि तिसरा पीएफच्या खात्यात. तिघांची आपसात ओळख नाही.

रेझ्युमेतला सुध्या सीनियर इंजिनीयर आहे आणि त्याच्या हाताखाली 8 माणसं आहेत. लिंक्डइनवरचा सुध्या कोट घालून, हाताची घडी घालून उभा असतो. तो टेक लीड आहे आणि त्याची टीम 15 जणांची. कंपनीच्या पत्रावर मात्र तो साधा सॉफ्टवेअर इंजिनीयर. हे विचारलं की तो उखडतो. "ताई, लीडचं काम मीच करत होतो की! पत्र काय, एचआरवाले कॉपी-पेस्ट करतात."

मी एचआरमध्ये असल्यामुळे हा टोमणा गिळते. शिवाय काम तो खरंच करत होता. सुध्या खोटारडा नाही. तो उदार आहे. स्वतःला देताना तो हात आखडत नाही, एवढंच.

तारखांच्या बाबतीत तर त्याची उदारता उतू जाते. पहिली कंपनी त्याने 14 सप्टेंबर 2018ला सोडली आणि दुसरीत तो 5 नोव्हेंबरला रुजू झाला. मधले सात आठवडे तो कोकणात आंबोळ्या खात होता. यात लपवण्यासारखं काही नाही. एवढ्याशा खंडाबद्दल सहसा कोणी विचारतही नाही. पण सुध्याला तो खड्डा बघवेना. त्याने लिंक्डइनवर पहिली नोकरी ऑक्टोबरअखेरपर्यंत ताणली. पुढे रेझ्युमे नव्याने करताना हे विसरून दुसरी नोकरी ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणली. दोन्ही शेजारी ठेवले, की ऑक्टोबरभर सुध्या दोन कंपन्यांत कामाला! खंड माफ होतो, पण एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसल्या की पडताळणी करणाऱ्याच्या भुवया वर जातात.

आणि त्याला हे दिसतं. उमेदवाराच्या संमतीने यूएएनवरची सर्व्हिस हिस्टरी काढली, की प्रत्येक कंपनीचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख ओळीने समोर येते. त्या यादीला सुध्याचं काडीचं कौतुक नाही.

खरा घोटाळा दुसऱ्या नोकरीत झाला. काम एका मोठ्या बँकेत, पगार मात्र माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदार कंपनीकडून. सुध्याने रेझ्युमेत आणि लिंक्डइनवरही ऐटीत बँकेचं नाव लिहिलं. पुढे नव्या कंपनीची ऑफर आली, तेव्हा तिच्या पडताळणी एजन्सीने बँकेच्या एचआरला विचारलं. उत्तर आलं, या नावाचा कर्मचारी आमच्याकडे नव्हता. तीन वर्षं बँकेच्या कँटीनचा चहा प्यायलेल्या माणसाबद्दल! बँकही खोटं बोलत नव्हती. तिच्या पटावर तो कधी नव्हताच. अहवालात त्या ओळीपुढे लाल रंग आला.

सुध्या रात्री दहाला आमच्या दारात. "ताई, आता प्रोफाइल पटकन बदलून टाकतो." मी त्याचा फोनच काढून घेतला. पडताळणी चालू असताना गुपचूप बदल केला, तर चूक लबाडी वाटू लागते; जुन्या पानाचा स्क्रीनशॉट एखाद्या फाइलीत असूही शकतो. आधी नव्या कंपनीला सरळ मेल गेली: पगार देणारी कंपनी ही, काम बँकेसाठी, तारखा रिलीव्हिंग लेटरप्रमाणे अशा, रेझ्युमेतला महिना चुकला आहे. सोबत नेमणुकीचं पत्र, रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा.

मेल गेल्यावर कागद शेजारी ठेवून दोन्हीकडे एकच मजकूर लिहिला. कंपनी म्हणून कंत्राटदाराचं नाव, त्याखाली 'ग्राहक: अमुक बँक'. पद पत्रावरचं, आणि लीडचं काम खाली वर्णनात. तारखांमध्ये नुसती वर्षं नाहीत, महिनेही. माणसांचा आकडा निघाला 6. एजन्सी तो मोजत बसत नाही, पण जुन्या मॅनेजरला फोन गेला तर तो हमखास विचारला जातो.

कागद जुळले आणि ऑफर वाचली. दर वेळी वाचेलच असं नाही. काही कंपन्या खुलासा ऐकायलाही थांबत नाहीत.

लिंक्डइनवर बदल करताना संपर्कातल्या लोकांना कळवण्याचं बटण बंद करायला सुध्या विसरला. टेक लीडचा सॉफ्टवेअर इंजिनीयर झाल्याबद्दल त्याला दिवसभर अभिनंदनाचे संदेश येत होते. त्याने सगळ्यांचे आभारही मानले.

लग्नाच्या बायोडेटात मात्र तो अजून टेक लीडच आहे. तिथली चौकशी मुलीची आत्या करते, आणि ती खुलाशाची मेल वाचत नाही.