कशासाठीकाका

गाझियाबादच्या इंदिरापुरममध्ये आमच्या मराठी मंडळात एक काका आहेत. असे काका प्रत्येक मंडळात असतात. नसलेच, तर तिथे गणपतीचा फ्लेक्स दरवर्षी दोनदा छापावा लागतो.

काकांच्या खिशात पेनऐवजी मोजपट्टी असते. यंदा फ्लेक्ससाठी दोन फोटो पुढे आले आणि मीटिंगमध्ये सरळ दोन पक्ष पडले. एक फोटो कॅमेऱ्यावर काढलेला, सहा हजार ठिपके रुंद, आरास काठोकाठ भरलेली. दुसरा जोशीवहिनींच्या मोबाइलवरचा, व्हॉट्सॲपवरून आलेला, म्हणून घटून सोळाशे ठिपक्यांचा. डाव्या बाजूला नुसता मरून पडदा. "कॅमेऱ्यावरचाच चांगला!" असा गजर झाला.

"चांगला कशासाठी?" काका म्हणाले.

सगळ्यांनी उसासा टाकला. आता चहा दोनदा होणार.

"गेटवर लावायला," सेक्रेटरी म्हणाले.

"वाचणार कोण?"

"ई-रिक्षातून जाणारे."

"किती लांबून?"

कोणालाच माहीत नव्हतं. काकांनी दोघांना पट्टी देऊन गेटवर पाठवलं. तीस फूट भरलं. मग हिशोब सोपा होता. दहा फुटांना एक इंच या अंदाजाने अक्षरं तीन इंच उंच हवीत. आरतीची वेळ आणि पत्ता एवढ्या अक्षरांत बसवायचा, तर मोकळी जागा हवी. ती पडद्यावर होती. आरासवाल्या फोटोत झेंडूच्या माळांवर अक्षरं दिसलीच नसती.

"पण वहिनींचा फोटो फाटेल ना!" खजिनदारांनी हरकत घेतली. काकांनी फ्लेक्सची रुंदी, म्हणजे सहा फूट, भागिले सोळाशे केलं. एक ठिपका मिलिमीटरहून जरासा मोठा. तीस फुटांवरून डोळ्याला अडीच-तीन मिलिमीटरहून बारीक काही सुटं दिसत नाही. तेव्हा गेटवर वहिनी.

आणि कॅमेऱ्याचा? तो सेल्फीच्या पडद्याला. तिथे माणूस तीन फुटांवर उभा राहतो, वहिनींचे ठिपके त्याला एकेक मोजता येतील. शिवाय तिथे वाचायचं काहीच नसतं, मागे आरास हवी असते. दोन्ही पक्ष जिंकले, म्हणून दोघेही नाराज.

घरीही हेच. मुलीच्या अमेरिकेच्या व्हिसासाठी काकूंनी लग्नातला, चष्म्यातला, हसरा फोटो काढून ठेवला होता. काकांनी तो बाजूला ठेवला. व्हिसाला चौरस फोटो लागतो, दोन बाय दोन इंच, पाठीमागे पांढरं, चेहरा हनुवटीपासून डोक्यापर्यंत एक ते 1.375 इंच, आणि 2016 च्या नोव्हेंबरपासून चष्मा बंद. मुलगी स्टुडिओत गेली आणि रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखा चेहरा घेऊन आली. फोटो पास झाला.

"व्हिसा मिळाला असेल," काकू म्हणतात, "पण फोटो वाईटच आलाय."