धुक्यातलं जव्हार आणि तांदळाचा माणूस

आमच्या मेहुण्याला एक्सेल येतं. सहलीच्या बाबतीत हा गुण नसून आजार आहे. गेल्या जुलैत तो आम्हांला जव्हारला घेऊन गेला, तेव्हा त्याच्या तक्त्यात नऊला दाभोसा धबधबा, साडेअकराला हनुमान पॉइंट, पाचला सनसेट पॉइंट असं सगळं होतं. शेवटच्या रकान्यात ‘पाऊस आल्यास’ असं लिहून पुढे एकच शब्द होता : पत्ते.

पाऊस आला. जव्हार दीड हजार फुटांवर, पश्चिमेचे ढग सरळ दारात येऊन उभे राहतात. हनुमान पॉइंटवर आम्ही पांढऱ्या भिंतीसमोर उभे होतो आणि मेहुणा त्या भिंतीकडे बोट दाखवून सांगत होता, “भाऊजी, समोर दरी आहे.” सासूबाईंनी नमस्कार केला. दिसत नाही म्हणजे देवच असणार, असा त्यांचा समज झाला. उरलेले दोन दिवस खोलीत पत्ते. त्या कॅटमध्ये एक्कावन्नच पानं होती, हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. तोवर चौकट गुलामावरून घरात अबोला झाला होता.

यंदा जूनअखेरीला पुन्हा जायचं ठरलं, तेव्हा बायकोने तक्ता ताब्यात घेतला. तिचं म्हणणं सरळ होतं. पावसाळ्यात जव्हारला पाऊस ‘आल्यास’ नसतो, तो असतोच. म्हणून आधी छपराखालचा दिवस ठरवायचा आणि उघडीप मिळाली तर धबधबा. शिवाय धबधब्यांवर जायला पावसाळ्यात प्रशासन बऱ्याचदा बंदी घालतं, म्हणजे मेहुण्याची पहिली ओळ तशीही कापलीच जायची.

छपराखालच्या दिवसासाठी तिने एकच घर शोधलं. जव्हार-मोखाडा रस्त्याला लागून असलेल्या एका पाड्यावर वारली चित्रं काढणाऱ्या एक मावशी. ओळखीच्या शिक्षकांकडून नंबर मिळवून तिने दोन आठवडे आधी फोन केला. चित्र शिकवाल का, जेवण तुमच्याकडेच मिळेल का आणि तुमच्या घरी यायला वाटेत फरशी लागते का, एवढंच विचारलं. तिसरा प्रश्न ऐकून मावशी खूश झाल्या. फरशी म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा पूल. जोराच्या सरीनंतर त्याच्यावरून पाणी वाहतं आणि मग पलीकडचे पलीकडे, अलीकडचे अलीकडे. पाणी किती खोल आहे हे वरून बघून कळत नाही, म्हणून पाणी वाहतं दिसलं की गाडी घालायची नाही. मावशींचं घर फरशीच्या अलीकडे होतं. बायकोने तिथेच पसंती दिली. सोबत रोख पैसे घ्यायचं ठरलं, कारण पावसात आधी वीज जाते, मग मोबाइलची रेंज जाते आणि मग मेहुण्याचं ऑनलाइन पेमेंट ‘प्रक्रियेत आहे’ म्हणत बसतं.

शनिवारी सकाळी खिडकीतून समोरचा आंबा दिसेना. मेहुण्याने सवयीने पत्ते काढले. बायकोने छत्र्या काढल्या.

साडेदहाला आम्ही मावशींच्या पडवीत. कुडाच्या भिंती, कौलांवर पावसाचा ताशा, आत चुलीचा धूर. गेरू दिलेली कापडं तयार होती. मावशींनी वाटीत तांदळाच्या पिठात पाणी आणि थोडा डिंक कालवला आणि प्रत्येकाला बांबूची काडी दिली. काडीचं टोक ठेचून त्याचा कुंचला करायचा. माणूस म्हणजे दोन त्रिकोण, टोकाला टोक लावून. वरचा उलटा, खालचा सुलटा. वर गोल डोकं, हातापायाला काड्या. ऐकायला सोपं आहे. माझ्या माणसाचे त्रिकोण एकमेकांना भेटलेच नाहीत, त्यामुळे तो कंबरेत मोडून पडला होता. सासूबाईंनी मात्र पहिल्याच फटक्यात दळण दळणारी बाई काढली. त्यांनी आयुष्यभर रांगोळी काढली आहे, आणि तोंड-डोळे काढायचे नाहीत हेही त्यांना पटकन समजलं. मेहुण्याने लॅपटॉपवर बसलेला माणूस काढला. मावशी हसल्या नाहीत. मग लग्नाच्या चौकाबद्दल सांगू लागल्या. सवाशिणींनी भिंतीवर चौक लिहायचा, मधे पालघट देवी, तिच्याशिवाय लग्न लागत नाही. त्या ‘काढतो’ म्हणत नव्हत्या, ‘लिहितो’ म्हणत होत्या. मेहुण्याने लॅपटॉपवाला जरा कोपऱ्यात सरकवला.

गडबड पुढे झाली. ओलं असताना तांदळाचं पांढरं फिकट, जवळजवळ दिसतच नाही. वाळल्यावर ते उजळतं. हे मावशींनी सांगितलं होतं, पण मुलांना आणि मेहुण्याला धीर नव्हता. दिसत नाही म्हणून दुसरा हात, तरी दिसत नाही म्हणून तिसरा. त्यात पावसाळी हवा, एरवी लगेच वाळणारी रेघ अर्धा तास ओलीच. “लावू नका, थांबा,” मावशी म्हणाल्या. पण थांबणं हा रकाना एक्सेलमध्ये नव्हताच.

बायकोच्या बेतातली हुशारी तेव्हा कळली. चित्र आधी आणि स्वयंपाक नंतर. आम्ही भाकऱ्या थापायला बसलो तोवर कापडं चुलीच्या वरच्या दोरीवर ऊब घेत होती. उलट केलं असतं तर ओली चित्रं मांडीवर घेऊन ठाण्याला यावं लागलं असतं. नागलीचं पीठ गव्हासारखं चिकट नसतं, भाकरी हातावर घेतली की कडा फाटतात. म्हणून ते गरम पाण्यात भिजवून चांगलं मळावं लागतं. माझी पहिली भाकरी चुलीत पडली. दुसरी कोंबडीने बघितली आणि तिने मान फिरवली.

सोबत शेवळाची भाजी होती. पहिल्या पावसानंतर जेमतेम काही आठवडे मिळणारी ही रानभाजी, बाजारात जांभळट कोंबांच्या जुड्या दिसतात. नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते. तिच्यात काकडं, म्हणजे रानातली छोटी आंबट फळं घालावी लागतात. शेवळं विकणारीच्या टोपलीत काकडं शेजारीच असतात. ती न घेणारं गिऱ्हाईक शहरातलं हे तिला लगेच कळतं. मेहुण्याने विचारलं, “काकडं नाही मिळाली तर?” मावशी म्हणाल्या, “मग शेवळं घ्यायची नाहीत.” दहा वर्षं तक्ते करणाऱ्या माणसाला एवढा स्वच्छ नियम कुणी सांगितला नव्हता.

जेवणं होईतो चित्रं वाळली. सासूबाईंची बाई भिंतीवर लावलेल्या दिव्यासारखी उजळून निघाली होती. मेहुण्याच्या लॅपटॉपवाल्याला तीन थर जड झाले आणि घडी घालताना त्याचं डोकं पोपडा होऊन पडलं. मुलीने ते उचलून कागदात ठेवलं.

परतताना चारच्या सुमारास ढग फाटले आणि हनुमान पॉइंटवर पाच मिनिटं खरंच दरी दिसली. सासूबाईंनी आता नमस्कार केला नाही. “हीच होय?” म्हणाल्या.

रविवारी सकाळी मात्र लख्ख ऊन पडलं, तेव्हा मेहुण्याला खरा प्रश्न सुचला. “भाऊजी, हे ऊन काल पडलं असतं तर?” बायकोने ते फोनवरच ठरवलं होतं. ऊन असो वा पाऊस, शनिवारी येणार आणि नाही आलो तरी पैसे देणार. आवणीचे दिवस तोंडावर असताना त्या बाईंनी आपल्यासाठी एक दिवस राखून ठेवला होता.

तेव्हा पावसाळी सहलीत कुणाच्या घराला ‘पाऊस आल्यास’ या रकान्यात लिहिणार असाल, तर ऊन पडल्यावर त्या माणसाचं काय, हेही तिथेच लिहा. धबधबा तुमची वाट बघत नसतो. मावशी बघत असतात, पीठ कालवून.