मार्च एंडिंगला टार्गेट कसे गाठावे: नवशिक्या मसालेवाल्यांसाठी मार्गदर्शिका

वडिलांचा कांदा-लसूण मसाल्याचा धंदा नुकताच तुमच्या हाती आला आहे, असे समजू. पाकीट दोनशे ग्रॅमचे, छापील किंमत 100 रुपये. डिस्ट्रिब्युटरकडून तुम्हाला मिळतात 70, बनवून पोचवायला लागतात 45, उरतात 25. महिन्याला 10,000 पाकिटे बिनबोभाट जातात. हा बिनबोभाटपणा कसा मोडावा, ते शिकू.

सुरुवात मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात करावी. आधी केल्यास विचार करायला वेळ मिळतो. टार्गेट हुकते आहे असे दिसताच सेल्समनला व्हॉट्सअपवर कळवावे: दहावर एक फुकट, 31 तारखेपर्यंत. बघता बघता 14,000 पाकिटांची बिले फाटतात. पेढे लगेच वाटावेत, कारण एप्रिलमध्ये मागणी 7,000 वर येते. डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये मार्चचाच माल पडून असतो, तो नवा कशाला उचलेल?

या टप्प्यावर कागद-पेन्सिल हाती घेऊ नये. घेतलीच तर असे दिसते. दहा पाकिटांवर 250 रुपये सुटायचे, त्यातून फुकटच्या अकराव्याचे 45 गेले, म्हणजे पाकिटामागे साडेवीस. मार्चचे झाले 2,87,000, एप्रिलचे 1,75,000, मिळून 4,62,000. काहीच केले नसते तर दोन महिन्यांचे 5,00,000 आले असते. हजार पाकिटे जास्त विकून 38,000 रुपये कमी कमावणे ही कला आहे, ती एका बैठकीत येत नाही. स्कीम नुसती अंगावर न येण्यासाठीसुद्धा मार्चमध्ये सुमारे 12,200 पाकिटे जायला हवीत आणि एप्रिलमध्ये एकही कमी होता कामा नये.

दुकानात जाऊन फळीवरच्या पाकिटाची पॅकिंग तारीख मुळीच वाचू नये. जूनमध्ये मार्चची तारीख दिसली तर माल गिऱ्हाइकाच्या डब्यात पोचलाच नाही, नुसता तुमच्या गोडाऊनमधून दुसऱ्याच्या गोडाऊनमध्ये गेला, हे कळते. सेल्समनकडे सेकंडरीचे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात गेलेल्या मालाचे, आकडेही मागू नयेत. प्रायमरीच्या आकड्यांवर मन प्रसन्न राहते.

आता हिशेबाची वही. फुकटची पाकिटे जाहिरातीच्या खात्यात कधीही टाकू नयेत. अशी स्कीम तिमाहीला एकदा केली, की 1,400 पाकिटे गुणिले 45, म्हणजे 63,000 एका खेपेला आणि वर्षाला 2,52,000. भिंती रंगवणे, दुकानांच्या पाट्या, यात्रेतला स्टॉल यांसाठी तुम्ही 3,00,000 ठेवले असतील. दोन्ही एका पानावर आले तर निम्म्याच्या आसपास पैसा स्कीमवर जातो हे उघड होईल. पुढल्या वर्षी कपात करायची वेळ आली की कात्री आपोआप भिंतींवर चालते, कारण वहीत खर्च म्हणून फक्त त्याच दिसतात.

एखादा शिकलेला भाचा 60:40 चे प्रमाण सांगेल: साठ टक्के नाव रुजवायला, चाळीस तातडीच्या विक्रीला. हे लेस बिने आणि पीटर फील्ड या दोघांनी 2013 मध्ये ब्रिटनमधल्या जाहिरात-पुरस्कारांच्या नोंदींवरून मांडले. त्या नोंदींत बहुतेक मोठे ब्रँड आहेत, तेव्हा भाच्याला गप्प करायला एवढे पुरेल. पण त्याने विचारले की नवख्या दुकानदाराने पहिला बॉक्स ठेवावा म्हणून दिलेली सूट आणि आधीच मागवणाऱ्याला दिलेली सूट सारखीच का, तर विषय बदलावा. पहिलीने नवी फळी मिळते, दुसरीने तेच दुकान तोच माल स्वस्तात घेते. तीच गोष्ट दहा रुपयांच्या पुडीची: ती चव न घेतलेल्या घरात जाते, नेहमीच्या गिऱ्हाइकाला स्वस्त पाकीट मात्र तसेही न्यायचेच असते.

नाव रुजवायचा पैसा पाच जिल्ह्यांत शिंपडावा. एकाच तालुक्यात दोन वर्षे तोच लाल रंग, तीच अक्षरे, तेच पाकीट दिसत राहिले तर बायका दुकानात ‘मसाला द्या’ न म्हणता नाव घेऊन मागू लागतात. मग छापील किंमत पाच रुपयांनी वाढवली तरी बिनास्कीमच्या महिन्यांतली विक्री फारशी हलत नाही आणि सेल्समनला फुशारकी मारायला काही उरत नाही. शिवाय हा परिणाम तिमाहीच्या तक्त्यात दिसत नाही, त्यामुळे बँकेच्या साहेबांना दाखवायचे काय?

सप्टेंबर येईतो डिस्ट्रिब्युटर तयार झालेला असतो. महिन्याच्या दहा तारखेला तुम्ही फोन केलात की तो ऑर्डर देत नाही, विचारतो, ‘शेठ, स्कीम कधी काढताय?’ त्याला तारीख सांगून टाकावी, म्हणजे तोपर्यंत तो निवांत थांबेल.