वर्गणी, भजी आणि मी

आमची कॉलनी परभणीत वसमत रोडच्या बाजूला. घरं चौऱ्याऐंशी, गणपती एक, आणि लेखक म्हणून ख्याती असलेला माणूसही एकच, तो मी. ही ख्याती मिळायला माझी एक कविता पुरली होती. ती कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याच्या निरोप समारंभात मी वाचली होती. त्यामुळे मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "वर्गणीचा मेसेज सरांनी लिहावा. आमचं लिहिलेलं कुणी वाचंना."

मी तीन संध्याकाळी खपलो. सुरुवात १८९३ पासून केली. लोकमान्य टिळक, सार्वजनिक गणेशोत्सव, लोकजागृती. त्या काळी परभणी निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे पुण्याहून वसमत रोडवर यायला मला एक परिच्छेद अधिकचा लागला. पुढे 'जगात जर्मनी, भारतात परभणी' आलं, सामाजिक सलोखा आला, आणि शेवटच्या ओळीत, लाजत लाजत, 'यथाशक्ती सहकार्य करावे' आलं.

आठ दिवसांत वर्गणी दिली सात जणांनी. हात जोडलेली चित्रं मात्र साठ आली.

खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, सरळ माणूस. त्यांनी माझ्यासमोर मोबाइल धरला. "सर, इथं बघा. तुमच्या मेसेजच्या पोटातच 'अधिक वाचा' आलंय. व्हॉट्सॲप लांब मजकूर दुमडून ठेवतं. वर दिसायलेत टिळक, पैसे गेले खाली. खाली कोण जातंय?" साहित्यिकाला यापेक्षा स्वच्छ समीक्षा मिळत नाही.

मग आम्ही 'यथाशक्ती'कडे वळलो. शब्द दिसायला नम्र, पण तो माणसाला कोड्यात टाकतो. माझी शक्ती किती? समोरच्यानं किती दिले? समोरचाही नेमका माझ्याकडंच बघत बसलेला. कोपऱ्यावरच्या काकूंनी तर मला स्पष्टच सांगितलं, "मास्तर, आकडा सांगा. दोनशे दिले तर लाज वाटते, हजार दिले तर घरचे बोलतात."

आकडा काढायला आम्ही वही उघडली. मूर्ती शाडूची, साडेसहा हजार. मंडप दहा दिवस, चौदा हजार. महावितरणची तात्पुरती वीजजोडणी, चार हजार. गेल्या वर्षी तारेवर आकडा टाकून जी रोषणाई झाली, तिची आठवण नको म्हणून. स्पीकर पाच हजार, महाप्रसादाची तीनशे ताटं साडेतेरा हजार, लेकरांच्या स्पर्धांची बक्षिसं तीन हजार, विसर्जनाचा ट्रॅक्टर आणि ढोल चार हजार. झाले पन्नास. गेल्या वर्षी खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून घातलेले चार हजार तीनशे परत द्यायचे होते. दोन दुकानांच्या फलकांचे सहा हजार येणार होते. राहिले अठ्ठेचाळीस हजार तीनशे.

अध्यक्षांनी पटकन चौऱ्याऐंशीनं भागलं. घरटी बरोब्बर ५७५. इतकं नेमकं उत्तर आल्यावर माणसाला देव असल्याची खात्री पटते. पण खजिनदारांनी गेल्या वर्षीची पावतीपुस्तकं काढली. वर्गणी देणारी घरं निघाली एकसष्ट. बाकी कुलूप, बदली आणि 'उद्या या'. एकसष्टांनी ५७५ दिले तर ३५,०७५ होतात, म्हणजे गणपती बसेल, पण तेरा हजारांची खोट पुन्हा खजिनदारांच्या खिशात. भागायचं ते देणाऱ्या घरांनी. घरटी ८००.

आता हिशोबाचं. गेल्या वर्षीच्या पत्रकात 'इतर : २,७५०' अशी नोंद होती. हे इतर काय, म्हणून मी विचारलं तर बैठकीत एकाएकी सगळ्यांना पंख्याकडं बघावंसं वाटलं. शेवटी कळलं, समितीचा चहा आणि भजी. मी म्हटलं, तसंच लिहू. अध्यक्ष म्हणाले, "आवो सर, देवाच्या नावानं भजी?" पण 'इतर' वाचून लोक जे मनात धरतात त्याच्यापेक्षा भजी कितीतरी सोज्वळ असतात. नव्या मेसेजात भजी गेली, आणि यंदा चहाचा खर्च समिती स्वतः करील हेही गेलं. त्या दिवशी दोन सदस्यांनी राजीनामे दिले, पण ते आधीपासून नाराज होते.

आमचं मंडळ नोंदणीकृत नाही. त्यामुळे वर्गणीसाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. ती घेतली आणि तिचा क्रमांक मेसेजात टाकला. त्यानंतर 'परवानगी आहे का' असं विचारून वर्गणी चुकवणाऱ्या एका गृहस्थांना दुसरं कारण शोधावं लागलं.

भजी, चहा आणि परवानगीचा क्रमांक या ओळी सोडल्या तर मेसेज अखेर असा गेला :

"गणपतीची वर्गणी यंदा घरटी ८०० रुपये. पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत द्यावी. मंडपवाल्याला पोळ्याला पैसे द्यायचेत. खर्च ५०,००० आणि गेल्या वर्षीची तूट ४,३००. खर्चाची यादी सोबत आहे. पैसे कमी पडले तर आधी ढोल रद्द होईल, मग स्पीकर. महाप्रसाद आणि लेकरांची बक्षिसं होणारच. उरले तर पुढच्या वर्षीच्या मूर्तीला. ज्यांचा पैसा सोयाबीनवर आहे त्यांनी दिवाळीत द्यावेत, पण देणार का ते आत्ता सांगावं. रोख द्यायचे असतील तर रोज संध्याकाळी ७ ते ८ मारुतीच्या ओट्यावर पावतीसह."

सोबत क्यूआर कोडचं चित्र पाठवलं. दहा मिनिटांत निवृत्त हेडमास्तरांचा फोन आला. "हे चित्र माझ्याच मोबाइलमध्ये आहे. ते मी कशानं स्कॅन करू? आरसा धरू का?" गॅलरीतून कोड उचलता येतो, हे त्यांना समजावता समजावता मला घाम फुटला. मग खजिनदारांनी यूपीआय आयडी एकटाच वेगळ्या मेसेजात पाठवला. दाबून धरला की तेवढाच उचलला जातो, टिळक-बिळक सोबत येत नाहीत. त्याखाली दुसऱ्या मेसेजात आणखी एक ओळ घातली : पैसे पाठवताना स्क्रीनवर खजिनदारांचं नाव दिसेल, मंडळाचं नाही, कारण खातं त्यांच्या नावावर आहे; शेऱ्यात घर क्रमांक लिहावा. ती ओळ नव्हती तोवर तीन जणांनी अनोळखी नाव बघून पैसे पाठवता पाठवता हात आखडला होता. तिघांनाही खजिनदार गेली वीस वर्षं फक्त 'काका' म्हणून माहीत.

पाच दिवसांत सव्वीस घरं आली. प्रश्नही आले, पण तेहतीसपैकी एकोणतीस भज्यांबद्दल होते. कोणती होती, कांद्याची की मिरचीची, आणि २,७५० ची नेमकी किती बसतात.

सहाव्या दिवशी माझ्या दारात पोरं उभी. ढोलवाली. चेहरे पडलेले. "सर, 'आधी ढोल रद्द' असं कसं लिहिलं? दोन महिने सराव करायलोत." मी म्हटलं, खरं तेच लिहिलंय. त्यांनी एकमेकांकडं बघितलं, माझ्या हातातली यादी घेतली आणि न दिलेल्या घरांवर पेन्सिलीनं खुणा करत फाटकाबाहेर पडली. पोळ्याच्या आदल्या दिवशी वर्गणी देणारी घरं सत्तर झाली होती. 'उद्या या'वाल्या एकाच्या दारात त्यांनी रोज संध्याकाळी तासभर सराव केला होता म्हणे. हे मेसेजात नव्हतं.